एक्सवर आणि चर्चेच्या फोरमवर कमेंट किती लांब लिहावी?

प्रश्न: एकच मत मी एक्सवरही लिहितो आणि फोरमवरही. तिथे बसत नाही, इथे तुटक वाटतं. लांबी आणि शैली कशी ठरवायची?

मराठीत लिहिणाऱ्यानं आधी मोजणी समजून घ्यावी. एक्सच्या साध्या खात्याला 280 ची मर्यादा आहे आणि तिथे काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘सराफ्यात’ डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, मोजणीत आठ होतात. लिंक कितीही लांब असो, 23 धरली जाते.

इंदूरच्या सराफ्याचं, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजाराचं, उदाहरण घ्या:

‘रात्री ८ नंतर सराफ्यात दुचाकी नको. चालायलाच जागा उरत नाही.’

जागा आणि पूर्णविराम धरून हे 58 होतात. म्हणजे 280 मध्ये साधारण 45 शब्द मावतात. त्यात मागणी, जागा-वेळ आणि एक कारण, एवढंच येऊ द्यावं. मागणी पहिल्या वाक्यात हवी, कारण स्क्रीनशॉट फिरतो तेव्हा खालचं कापलं जातं. काटछाट शब्दांची करा, अक्षरांची नको. ‘सराफा बाजाराच्या परिसरामध्ये’ 28 खातं, ‘सराफ्यात’ आठ. वीस तिथेच वाचले. मात्रा गाळून आणि शब्द मोडून लिहिणाऱ्यांचं मला कधीच पटलेलं नाही. त्यानं चार-दोन खुणा वाचतात आणि वाचणारा अडखळतो. ‘मराठी पाल्हाळिक आहे, म्हणून बसत नाही’ हेही चूक. पाल्हाळ ‘च्या संदर्भात’ आणि ‘या ठिकाणी’ लिहिणाऱ्यांचा असतो, भाषेचा नाही.

फोरमवर हेच 58 टाकलंत, तर पहिलं उत्तर येईल, ‘मग गाड्या कुठे लावायच्या?’ तिथे लोक मताला नाही, त्यातल्या भोकाला उत्तर देतात. म्हणून ज्याला उत्तर देताय त्याचं एकच वाक्य वर उद्धृत करा, लगेच आपलं मत एका ओळीत लिहा आणि मग सगळ्यात जड आक्षेप स्वतःच घ्या: पार्किंग, म्हाताऱ्या माणसांना पायी पडणारं अंतर, माल आणणारे दुकानदार. प्रत्येकाला स्वतंत्र परिच्छेद द्या, तीन-चार ओळींचा, म्हणजे समोरच्याला नेमका तोच उचलून उत्तर देता येतो. दहा ट्विटांचा धागा जोडून फोरमवर चिकटवू नका. त्यातलं प्रत्येक वाक्य एकटं उभं राहायला लिहिलेलं असतं, त्यामुळे ‘म्हणून’ आणि ‘तरीही’ गळून पडलेले असतात आणि युक्तिवाद जुळत नाही.

लांबी चुकली की उत्तरांवरून कळतं. ‘म्हणजे कुठे? कधी?’ असं विचारलं गेलं तर कमी लिहिलंय. सगळे एका किरकोळ उदाहरणावर तुटून पडले तर ते उदाहरण जास्त होतं. पुढच्या वेळी ते काढा.

एक राहिलं: ही मोजणी एक्सची. ब्लूस्कायवर मर्यादा 300 आहे, पण तिथे मात्रेसकट अक्षर एक धरतात, त्यामुळे मराठीला जागा बरीच जास्त मिळते. तिथे दुसरं कारणही खुशाल लिहा.