टूथपिक कोरडी आली, तरी केक कच्चाच?

टूथपिक कोरडी आली म्हणून स्पंज केक बाहेर काढला, तर दहा मिनिटांत मधोमध खड्डा. असं का झालं? — एक वाचक, कोपरखैरणे

स्पंजला जाळी पडली की टूथपिक तिच्यातून सरकते आणि बाहेर येताना भोवतालच्या भागाला पुसली जाते. पीठ चिकटलेलं दिसत नाही, पण मधली जाळी अजून स्वतःचा भार पेलण्याइतकी घट्ट झालेली नसते. गेल्या आठवड्यात सात इंची डब्यातला बटर स्पंज मी १७० अंशांवर ओटीजीत ठेवला होता. तिसाव्या मिनिटाला टूथपिक कोरडी आली, पण प्रोब थर्मामीटरने मधोमध ८८ अंश दाखवले. बोट हलकेच दाबलं तर खळगा तसाच राहिला, आणि वास यायचा तो कोमट दुधाचा, थोडा अंड्याचा. आणखी सहा मिनिटांनी ९६ अंश झाले. दाबलेली जागा लगेच वर आली, कडा डब्यापासून किंचित सुटल्या आणि स्वयंपाकघरभर भाजल्या लोण्याचा खमंग वास सुटला. तेव्हा काढला, बसला नाही. साध्या बटर केकला ९५ ते ९८ अंश धरा. मात्र खमंग वास म्हणजे केक झाला असं नाही, तपासायची वेळ झाली एवढंच. कडा आधी भाजतात, वासही आधी त्यांचाच येतो.

केळ्याच्या केकमध्ये टूथपिक कायम ओली. किती वेळ भाजू? — एक वाचक, घोडबंदर रोड

टूथपिक केळ्याच्या फोडीत घुसत असेल. ती फोड तासभर भाजली तरी ओलीच राहणार, आणि तिच्या नादाने केक कोरडा पडेल. प्रोब दोन ठिकाणी घाला. दोन्हीकडे ९६–९७ आले की बंद करा. हा केक जड असल्याने दाबल्यावर सावकाश वर येतो, म्हणून इथे बोटापेक्षा आकड्यावर विसंबा.

दुधाचा पाव वरून लालबुंद, आतून चिकट. — एक वाचक, नेरुळ

दूध आणि साखरेमुळे वरचा रंग लवकर चढतो, त्यावरून आतलं कळत नाही. रंग आला की वर फॉइल सैल ठेवा आणि भाजत राहा. प्रोब बाजूने तिरका घाला, टोक पावाच्या मध्यावर हवं, डब्याला टेकलं तर आकडा चुकतो. दूध-लोण्याच्या पावाला ८८ ते ९० पुरतात; नुसत्या मैदा-पाणी-यीस्टच्या पावाला ९५ तरी हवेत. आणि आकडा बरोबर येऊनही चिकट वाटला, तर गरम असतानाच कापलात का ते आठवा. थंड होताना आतला स्टार्च घट्ट होतो. त्याआधी सुरी घातली की शिजलेला पावही चिकट लागतो.

माझा थर्मामीटर बरोबर आहे, हे कसं ओळखू? — एक वाचक, वाशी

आपण समुद्रसपाटीलगत राहतो, त्यामुळे खळखळ उकळत्या पाण्यात त्याने १०० च्या आसपास दाखवायला हवं. टोक भांड्याला लागू देऊ नका. ९७ दाखवला, तर केकमध्ये तो जो आकडा दाखवेल त्यात तीन मिळवून वाचा.