घरपोच फुकट होतं, आता पैसे लावायचे: मेसेज कसा लिहावा?

«ताई, मी फोंड्यात घरून चपात्या, भाजी, सोलकढी करून देते. सणाला नेवऱ्या, मोदकही. पहिल्यापासून घरपोच फुकट देत आले. आता परवडत नाही. किमान ऑर्डर आणि पोचवण्याचे पैसे लावायचे आहेत, पण मेसेज लिहून वाचला की मीच मला चिकट वाटते. गिऱ्हाईकं म्हणजे सगळी ओळखीची, शेजारची. लोक म्हणतील, दोन पैसे आले आणि हिची नियत बदलली. कसं लिहू?»

हे विचारणाऱ्या वहिनींनी आपला मेसेज मला दाखवला. तो असा होता:

«नमस्कार. पेट्रोल, गॅस, तेल सगळंच महागलं आहे. डिलिव्हरीच्या मुलालाही पैसे द्यावे लागतात. चार-पाच चपात्यांसाठी येणं परवडत नाही. त्यामुळे नाइलाजाने यापुढे छोट्या ऑर्डर घेतल्या जाणार नाहीत व डिलिव्हरी चार्ज लागेल. कृपया गैरसमज नसावा. सहकार्य करावे ही विनंती.»

पैसे मागितल्यामुळे हा मेसेज चिकट वाटत नाही. मुळात त्यात रकमेचा आकडाच नाही. आहे ते वहिनींच्या खर्चाचं रडगाणं आणि गिऱ्हाइकावर ठेवलेला ठपका. रोज पाच चपात्या घेणारी बाई हे वाचून ओशाळणार: म्हणजे इतके दिवस माझ्यामुळे हिला तोटा होत होता! शिवाय «गैरसमज नसावा» म्हटलं की ज्याच्या मनात तसं काही नव्हतं, त्यालाही वाटतं, इथे गैरसमज करून घेण्यासारखं काहीतरी आहे. पेट्रोलचं कारण दिलं की उद्या पेट्रोल दोन रुपयांनी उतरल्यावर कुणीतरी विचारणारच, मग आता चार्ज कमी करणार का? जिथे वाद नव्हता तिथे आपण वादाला जागा करून देतो.

वाचणाऱ्याला तीन गोष्टी कळायला हव्या असतात. माझी नेहमीची ऑर्डर यात बसते का, मला किती जास्त पडणार आणि कधीपासून. या तिन्हींचं उत्तर या मेसेजमध्ये नाही.

पण शब्दांना हात लावण्याआधी मी वही मागवली. वहिनींच्या डोक्यात किमान ऑर्डर ३०० रुपयांची होती, कारण दुसऱ्या कुणीतरी तेवढी ठेवली होती. मागच्या महिन्याच्या ऑर्डरी रकमेप्रमाणे लावून पाहिल्या तेव्हा बहुतेक घरं १८० ते २६० रुपयांत येत होती. ३०० ठेवले असते तर रोजची, भरवशाची गिऱ्हाईकंच नियमाबाहेर पडली असती. २०० ठेवले तर त्यांना फार तर एक सोलकढी किंवा दोन चपात्या वाढवाव्या लागणार होत्या.

मग एक ऑर्डर सोडवून पाहिली. १० चपात्या, १२ रुपयांप्रमाणे १२० रुपये. पीठ, तेल, गॅस, पुडा हे वजा जाता हातात साधारण ४५ रुपये उरतात. पोचवणारा मुलगा घरामागे २५ रुपये घेतो. फोंड्याजवळच्या ढवळीला जाऊन-येऊन सहा किलोमीटर धरले, स्कूटर लिटरला ४० किलोमीटर देते आणि पेट्रोल हिशोबासाठी १०० रुपये धरलं, तर १५ रुपये त्यात जातात. ४५ मधून ४० गेले. उरलेले पाच रुपये म्हणजे दहा चपात्या लाटण्याची मजुरी. २२० रुपयांच्या ऑर्डरीत मात्र ८० च्या आसपास उरतात. त्यातून ४० गेले तरी ४० राहतात, आणि पोचवण्याचे २० रुपये मिळाले तर ६०.

हे आकडे पाहून वहिनी म्हणाल्या, «मग चपातीच १४ रुपये करते, वेगळं काही सांगायलाच नको.» हा विचार बऱ्याच जणींच्या मनात येतो, पण त्यात घरी येऊन नेणाऱ्यांवर अन्याय होतो. शेजारची बाई पायी येऊन पुडा नेते, तिने ढवळीच्या स्कूटरचं पेट्रोल का भरायचं? पोचवण्याचा खर्च वेगळा दाखवला की तो टाळण्याची वाटही गिऱ्हाइकाला दिसते. माझ्या मते मेसेजमधला मोकळेपणा या वाटेतूनच येतो.

गोव्यात ही अडचण जरा जास्त टोचते, कारण सकाळी पाववाला पोदेर सायकलचा हॉर्न वाजवत दारात येतो आणि दोन पोई घेतल्या तरी वेगळे पैसे मागत नाही. दारात आलेल्या वस्तूचे वेगळे पैसे द्यायचे, ही सवयच नाही आपल्याला. पण पोदेरची वाट ठरलेली असते, वेळही ठरलेली, आणि त्या वाटेवरची कितीतरी घरं एका फेरीत होतात. वहिनींकडचा पोचवणारा मुलगा मात्र कुणी फोन केला की निघायचा, दुपारी एकदा ढवळीला आणि तासाभराने परत तिकडेच. म्हणून नियमाबरोबर फेरीच्या वेळाही ठरवल्या, दुपारी १२ ते १ आणि संध्याकाळी ७ ते ८. नुसते पैसे लावण्यापेक्षा यानेच खर्च जास्त आटोक्यात आला.

आता माणसांकडे. ढवळीला एक निवृत्त मास्तर एकटे राहतात, रोज चार चपात्या, ४८ रुपये. वहिनींचा जीव खरा त्यांच्यात अडकला होता. «त्यांना मी कसं सांगू? त्यांचं तसंच ठेवते, कुणाला कळणार आहे?» कळतं. एका इमारतीत असल्या गोष्टी जिन्यावरून खाली यायला वेळ लागत नाही, आणि एकाला सूट दिल्याचं कळलं की बाकीच्यांना नियम कंजूषपणाचा वाटू लागतो. वहीत पाहिलं तर त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक कुटुंब रोज १८० रुपयांची ऑर्डर देत होतं. दोघांची मिळून २२८. म्हणून सूट न देता सगळ्यांसाठीच नियम केला: एका इमारतीतल्या घरांनी मिळून दिलेली ऑर्डर एकच धरायची. मास्तरांना आणि वरच्या घराला वहिनींनी मेसेज जाण्याआधी स्वतः फोन केला. ज्यांच्यावर नियम खरोखर पडणार आहे अशी घरं मोजकीच असतात. त्यांना आधी आवाज ऐकू जावा, अक्षरं नंतर.

वेळेचंही बोलणं झालं. मेसेज गणेश चवथीच्या तोंडावर जाणार होता. मी नको म्हटलं. त्या दिवसांत नेवऱ्या-मोदकांच्या ऑर्डरी आधीच घेतलेल्या असतात, घराघरांत माटोळीची धावपळ असते, आणि नेमकं तेव्हा नवे पैसे मागितले की अडलेलं पाहून वाढवले असंच वाटतं. चवथ आटोपू दिली आणि मेसेज लागू होण्याच्या दहा दिवस आधी पाठवला.

शेवटी मेसेज असा झाला:

«१ ऑक्टोबरपासून घरपोच चपाती-भाजीसाठी किमान ऑर्डर २०० रुपये. नमस्कार, तपशील खाली देते.
पोचवण्याचे: फोंडा शहर, कुर्टी, ढवळी २० रुपये. फर्मागुढी, बांदोडा, मार्दोळ ४० रुपये. ५०० रुपयांपासून पुढे पोचवण्याचे काही नाही.
एका इमारतीतल्या घरांनी मिळून ऑर्डर दिली तर ती एकच धरीन. पुडे नावं घालून वेगळे बांधून देईन.
घरी येऊन नेलंत तर कितीही घ्या, दोन चपात्यासुद्धा. वेगळे पैसे नाहीत.
चपातीचा दर तोच, १२ रुपये. आधी नोंदवलेल्या ऑर्डरी जुन्या पद्धतीनेच पोचतील.
दुपारची फेरी १२ ते १, ऑर्डर सकाळी ९ पर्यंत. संध्याकाळची ७ ते ८, ऑर्डर दुपारी ४ पर्यंत.
तुमच्या ऑर्डरीचं काही विचारायचं असेल तर फोन करा.»

«नमस्कार» पहिल्या शब्दाऐवजी मागे गेला, कारण मोबाइलवर सूचना येते तेव्हा सुरुवातीचाच मजकूर दिसतो. तिथे नुसता नमस्कार आणि महागाई दिसली तर पुढचं न वाचताच लोक बाजूला ठेवतात, आणि मग १ तारखेला बिल पाहून चकित होतात. वहिनींना शेवटी «अर्धा खर्च मीच सोसते आहे» असं घालायचं होतं. ते खरं होतं, पण मी काढायला लावलं. उपकार मोजून दाखवला की वीस रुपयेसुद्धा जड वाटतात. माफीही ठेवली नाही. ज्यात चूक नाही त्याची माफी मागितली की समोरचा चूक शोधायला लागतो.

पाठवतानाही एक काळजी घ्यावी लागली. हा मेसेज ग्रुपवर टाकायचा नाही, कारण तिथे एकाची कुरकुर सगळ्यांची होते. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवला की उत्तर फक्त आपल्याकडे येतं. मात्र ज्यांनी आपला नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला नाही, त्यांना ब्रॉडकास्ट पोचतच नाही. अशांना वेगवेगळा पाठवावा लागतो. नुसतं स्टेटस ठेवून भागत नाही, ते २४ तासांत जातं.

पहिलं उत्तर अपेक्षित होतं तेच आलं: «आम्ही एवढी वर्षं घेतो, आमच्याकडूनपण?» वहिनींनी आधी लिहून ठेवलेलं पाठवलं: «हो वहिनी, सगळ्यांना सारखंच आहे. तुमची नेहमीची ऑर्डर २४० ची, ती आहे तशीच चालेल, वर फक्त २० येतील. बाजारात येताना नेलीत तर तेही नाहीत.» त्यांच्याच ऑर्डरीचा आकडा दिल्यामुळे बोलणं नात्याकडून हिशोबावर आलं. त्या बाई आता आठवड्यातून दोनदा येऊन नेतात. दोन घरं सुटली. दोन्ही मार्दोळची होती, आणि ४० रुपये त्यांना जड वाटले ते मला पटतं. तेवढ्या लांब एकेका घरासाठी जाणं दोन्ही बाजूंनी कठीणच आहे.

महिन्याने परत वही उघडायला सांगितली आहे. आधी १५० ते १९० रुपयांत येणारी घरं जर दिसेनाशी झाली असतील, तर २०० जास्त आहेत असं समजायचं आणि सगळ्यांसाठीच १८० करायचे. त्याच ऑर्डरी २०० ते २२० वर आलेल्या दिसल्या, तर आकडा बरोबर बसला आहे, त्याला हात लावायचा नाही.