गाडी किती पाण्यातून जाईल, हे कसं तपासायचं?

प्रश्न: शोरूमवाला म्हणतो ४०० मिमी पाण्यातून गाडी आरामात जाते. कोल्हापुरात शाहूपुरीत राहतो, विश्वास ठेवू का?

उत्तर: आधी तो आकडा ओनर्स मॅन्युअलमध्ये छापलाय का बघा, आणि सोबत वेग दिलाय का तेही. तोंडी आकड्याला काही अर्थ नाही.

मग बॉनेट उघडा. एअर फिल्टरच्या डब्यापासून पाइप धरून पुढं जा. हवा ओढायचं तोंड बहुतेकदा ग्रिलच्या मागं सापडतं. जमिनीपासून त्याच्या खालच्या कडेपर्यंत टेपनं मोजा. काही गाड्यांत याच पाइपला जोडलेला एक डबा फेंडरच्या आत खाली लोंबतो आणि त्याच्या तळाला पाणी निचरायचं भोक असतं. तसं असेल तर उंची त्या भोकाची धरायची, वरच्या तोंडाची नव्हे.

समजा तोंड ७० सेंमीवर आहे आणि भोक ४५ वर. चालत्या गाडीपुढं लाट उठते, समोरून बस आली तर आणखी. तिच्यासाठी २० सोडले की उरले २५, म्हणजे चाकाच्या मध्यापेक्षाही कमी. तिथं ४०० मिमी विसरा.

हे सगळं साचलेल्या पाण्याचं. जयंती नाल्याचं पाणी वाहत असेल तर मोजमाप बाजूला ठेवा, गाडी घालूच नका. पाण्यात बंद पडलीच तर परत स्टार्टर मारू नका, त्या तोंडातून इंजिनात पाणी गेलं असेल तर आतला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.