साडेचौदा लाख, शनिवारची नोंदणी आणि तीन वाटा

प्रश्न: आम्ही जुना फ्लॅट ४५ लाखांना घेतोय. एक लाख इसार दिला आहे, साडेएकोणतीस लाखांचं कर्ज मंजूर आहे आणि उरलेले साडेचौदा लाख आमच्या बचत खात्यातून विकणाऱ्यांच्या खात्यात जायचे आहेत. त्यांचं खातं एका छोट्या नागरी सहकारी बँकेत आहे. नोंदणी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी आहे. आमचं दुय्यम निबंधक कार्यालय त्या दिवशी सुरू असतं, पण बँकेला सुट्टी. भाऊ म्हणतो, आयएमपीएसने तीन वेळा पाठव, लगेच जातात. नवरा म्हणतो, एनईएफटी फुकट आहे. बँकेतल्या बाई आरटीजीएस म्हणाल्या. काय करू?

उत्तर: बँकेतल्या बाईंचं ऐका. मात्र आरटीजीएस करायचं ठरवलं तरी बुधवारपासूनच थोडी तयारी करावी लागेल, नाहीतर शनिवारी कार्यालयाच्या बाकड्यावर मोबाइल घेऊन घाम पुसायची वेळ येईल.

आधी फुकट आणि महाग हा वाद मिटवू. रिझर्व्ह बँकेने आरटीजीएसच्या शुल्काला वरची मर्यादा घातली आहे. पाच लाखांच्या पुढे कितीही रक्कम असली तरी बँक ४९ रुपये ५० पैशांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर झाले ५८ रुपये ४१ पैसे. शिवाय बऱ्याच बँका नेट बँकिंगवरून केलेल्या आरटीजीएसला काहीच घेत नाहीत. बचत खात्यातून ऑनलाइन केलेली एनईएफटी मात्र १ जानेवारी २०२० पासून सगळीकडेच मोफत आहे, तेवढं तुमच्या यजमानांचं बरोबर. साडेचौदा लाखांच्या व्यवहारात हे साठ रुपये बाजूला ठेवा.

खरा फरक वेळेचा आहे, आणि नोंदणीच्या दिवशी तो फार बोचतो. खरेदीखतात रक्कम कशी मिळाली हे लिहावं लागतं. हस्तांतराचा यूटीआर क्रमांक, तारीख आणि बँकेचं नाव त्यात येतं, आणि पैसे मिळाले असं कबूल करून विकणारा सही करतो. तुम्हाला वाटतं, सही झाल्यावर पैसे सोडावेत. त्यांना वाटतं, पैसे दिसल्यावर सही करावी. दोघांचंही बरोबर आहे. म्हणून पैसे पाठवणं आणि खात्यात दिसणं यातलं अंतर जितकं कमी, तितकं दोघांसाठी बरं. आदल्या रात्री पैसे पाठवून मोकळं व्हायचा मोह होतो, पण तो टाळा. ही हस्तांतरं मागे घेता येत नाहीत. सकाळी विकणाऱ्यांच्या घरी काही अडचण आली किंवा कार्यालयाचा सर्व्हर बंद पडला, तर तुमचे साडेचौदा लाख त्यांच्याकडे आणि फ्लॅटही त्यांच्याच नावावर.

आता एनईएफटी घ्या. ती गटागटाने चालते. दर अर्ध्या तासाला एक गट, दिवसात ४८. डिसेंबर २०१९ पासून ती चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही सुरू असते. तुम्ही ११ वाजून ५ मिनिटांनी बटण दाबलं तर ते पैसे साधारण साडेअकराच्या गटात बसतील. तो गट मिटल्यावर घेणाऱ्या बँकेला खात्यात जमा करायला दोन तासांची मुदत असते. म्हणजे नियमात राहूनही दीड वाजू शकतो. बहुतेक वेळा पैसे त्याच्या बरेच आधी पोचतात, पण तुमचा नोंदणीचा क्रमांक ११:३० चा असेल तर ‘बहुतेक वेळा’ यावर विकणारे सही करणार नाहीत.

आरटीजीएसमध्ये गट नसतो. एकेक व्यवहार सुटा, पूर्ण रकमेने, रिझर्व्ह बँकेच्या वहीत त्याच क्षणी मिटतो. किमान रक्कम दोन लाख, कमाल मर्यादा नाही. डिसेंबर २०२० पासून हीसुद्धा चोवीस तास चालते, त्यामुळे दुसऱ्या शनिवारची सुट्टी आड येत नाही. घेणाऱ्या बँकेने निरोप मिळाल्यापासून अर्ध्या तासात खात्यात जमा करायचे असतात. जमा करता येत नसतील, समजा खातं बंद आहे, तर एका तासाच्या आत परत पाठवायचे असतात. म्हणजे तासाभरात हो किंवा नाही कळतं. तुम्हाला नेमकं तेच हवं आहे.

भावाच्या सल्ल्याबद्दल. आयएमपीएस खरंच काही सेकंदांत जातं आणि छोट्या रकमेला मीही तेच वापरतो. पण एका वेळची मर्यादा पाच लाखांची, म्हणून पाच, पाच आणि साडेचार असे तीन तुकडे करावे लागतील. बऱ्याच बँका दिवसभराच्या एकूण रकमेवरही मर्यादा घालतात, तेव्हा दुसऱ्या तुकड्यालाच गाडी अडू शकते. माझ्या एका अशिलाने असंच केलं होतं. पहिले दोन तुकडे गेले. तिसरा त्याच्या खात्यातून वजा झाला, समोर जमा झाला नाही, आणि ॲपवर नुसतं ‘प्रलंबित’ दिसत राहिलं. विकणारे म्हणाले, आम्हाला दहाच मिळाले. हा म्हणाला, माझे सगळे गेले. दोघंही खरं बोलत होते. अशा वेळी पैसे परत यायला नियमाने दुसऱ्या दिवसापर्यंतची मुदत असते. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची असते. पण शंभर रुपयांनी त्या दिवसाची नोंदणी थोडीच होते? पुन्हा वेळ घ्यावी लागली.

तुमच्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती विकणाऱ्यांच्या बँकेची. छोट्या सहकारी बँका बऱ्याचदा या यंत्रणेच्या थेट सभासद नसतात. एखाद्या मोठ्या बँकेच्या आधाराने, उपसभासद म्हणून त्या जोडलेल्या असतात. ओळखायचं कसं? त्यांच्या चेकवरचा आयएफएससी पाहा. ११ अक्षरांच्या त्या कोडची पहिली चार अक्षरं दुसऱ्याच कुठल्या बँकेची असतील, तर पैसे आधी त्या मोठ्या बँकेकडे जातील आणि तिथून यांच्याकडे. रिझर्व्ह बँकेच्या वहीत व्यवहार दोन मिनिटांत मिटतो, पण शेवटच्या टप्प्याला वेळ लागू शकतो, त्यातून सुट्टीच्या दिवशी जास्तच. तुमच्या नेट बँकिंगवर ‘यशस्वी’ दिसलं याचा अर्थ तुमच्या बँकेकडून पैसे निघाले, एवढाच.

म्हणून बुधवारी तीन कामं करा. पहिलं, विकणाऱ्यांकडून रद्द केलेल्या चेकचा फोटो घ्या आणि खातं आत्ताच जोडून ठेवा. नवीन जोडलेल्या खात्यावर पहिल्या दिवसात मोठी रक्कम जाऊ न देणाऱ्या बँका बऱ्याच आहेत. आरटीजीएस निवडलं की नावाची खातरजमा करायची सोय आता नेट बँकिंगमध्ये असते. खातं क्रमांक आणि आयएफएससी टाकला की त्या बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. हे नाव खरेदीखतातल्या नावाशी ताडून बघा. पैसे फक्त खाते क्रमांकावर जमा होतात, तुम्ही टाइप केलेलं नाव बँक तपासत नाही. एक आकडा चुकला आणि तो क्रमांक दुसऱ्या कुणाचा निघाला, तर त्या माणसाच्या संमतीशिवाय पैसे परत येणं कठीण असतं.

दुसरं, एक हजार रुपये पाठवून बघा. पण ते आयएमपीएसने नको, एनईएफटीने पाठवा. आयएमपीएसची वाट वेगळी आहे, तिथून पैसे झटकन पोचले तरी आरटीजीएसबद्दल काहीच सिद्ध होत नाही. एनईएफटी मात्र त्याच आयएफएससीवर, त्याच मोठ्या बँकेमार्फत जाते. विकणाऱ्यांना जमा झाल्याची नेमकी वेळ विचारा. शक्य असेल तर ही चाचणी आधीच्या रविवारी दुपारी करा, मग सुट्टीत त्यांची बँक किती जागी असते तेही कळेल. आणि हे हजार रुपये हिशेबात धरायला विसरू नका: मग शनिवारी १४,४९,००० पाठवायचे.

तिसरं, तुमची स्वतःची मर्यादा. आरटीजीएसला कमाल मर्यादा नाही, पण तुमच्या नेट बँकिंगला असते, आणि ती दिवसाला दहा लाख असेल तर शनिवारी उपयोग शून्य. शाखेत जाऊन फॉर्म भरायचा पर्यायही त्या दिवशी नाही. मर्यादा वाढवता येते का ते बुधवारीच बघा. रकमेचा काही भाग मुदत ठेवीत असेल तर ती गुरुवारपर्यंत मोडा.

चाचणीची एनईएफटी जमा व्हायला चार-पाच तास लागले किंवा मर्यादा वाढलीच नाही, तर मी आरटीजीएसचा हट्ट धरणार नाही. शुक्रवारी शाखेतून विकणाऱ्यांच्या नावे पे ऑर्डर काढा. तिचा क्रमांक खरेदीखतात लिहिता येतो, सहीच्या वेळी ती हातात देता येते, आणि व्यवहार फिसकटला तर बँकेत परत देऊन रद्द करता येते. कर्जाचा चेकही बहुधा तसाच हातात दिला जाणार असेल, त्यामुळे विकणाऱ्यांना ते नवीन वाटणार नाही. त्यांना पैसे सोमवारी मिळतील, एवढं आधी सांगा.

सगळं जमलं तर शनिवारी कार्यालयात पोचल्यावर आधी खरेदीखताचा मसुदा पूर्ण वाचा, यूटीआरसाठी जागा मोकळी ठेवायला सांगा आणि तुमचा क्रमांक यायच्या अर्धा-पाऊण तास आधी पैसे सोडा. यूटीआर २२ अक्षरांचा असतो, तो बघून लिहू नका, मेसेजमधून वकिलांना जसाच्या तसा पाठवा. अर्ध्या तासात समोर जमा दिसले नाहीत तर पुन्हा पाठवायची घाई करू नका. खात्यात दुसऱ्यांदा तेवढे पैसे नसले तरी आयएमपीएसने ‘निदान पाच तरी’ पाठवायचा मोह होतो, आणि मग दोन्ही पोचले की उलटं मागत बसावं लागतं. आधी स्वतःच्या बँकेच्या फोन बँकिंगला यूटीआर सांगून व्यवहार परत आला आहे का ते विचारा, आणि विकणाऱ्यांना त्यांच्या बँकेच्या व्यवस्थापकाला फोन लावायला सांगा. छोट्या सहकारी बँकेचा हा एक फायदा आहे, तिथल्या व्यवस्थापकाचा नंबर खातेदाराकडे असतो. तो आदल्या दिवशीच मागून ठेवा.