साक्षीदाराच्या रकान्यातली सही

"ताई, मी नाशिकला एका खासगी हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे. नाइटला आम्ही दोघी, पेशंट सव्वीस. दहाची औषधं चालू असताना आरएमओ सर येऊन सांगतात, 'सिस्टर, उद्याच्या ओटीच्या कन्सेंट घेऊन ठेवा.' शेजारच्या वॉर्डातली मैत्रीण फोन करते, वॉर्डबॉय मामा नाहीत, जरा आमच्या पेशंटला एक्स-रेला सोड. नाही म्हटलं तर 'भाव खाते' म्हणतात. कन्सेंटला तसा वेळ जात नाही. पेशंटची सही घ्यायची, साक्षीदार म्हणून मीच सही करते, झालं. पण परवा बेड 9 चे आजोबा विचारत बसले, भूल कमरेत देणार की पूर्ण. मी म्हटलं, सकाळी विचारा, आत्ता सही करा. तेवढ्यात एका पेशंटचं इन्सुलिन द्यायचं लांबलं. कोणाला न दुखावता नाही कसं म्हणू?"

अगं, एक्स-रेचं उत्तर एका वाक्याचं आहे. "वॉर्डात दोघीच आहोत, मी खाली जाऊ शकत नाही, सुपरवायझरना मामा पाठवायला सांग." एवढं बोलून फोन ठेव.

मला बोलायचंय ते तुझ्या "झालं" या शब्दावर. साक्षीदार म्हणून सही करतेस म्हणजे तू कागदावर लिहून देतेस, की डॉक्टरांनी या माणसाला समजावून सांगितलं, त्याला ते कळलं, आणि त्यानं माझ्यासमोर होकार दिला. त्यातलं पहिलं घडलेलंच नाही. न झालेल्या बोलण्याची तू साक्ष देते आहेस, आणि तीही रोज रात्री. वेळ जात नाही म्हणतेस, पण ज्या कामाला वेळ लागायलाच हवा ते दोन मिनिटांत उरकतं, याचंच मला भय वाटतं.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी अशीच सही केली होती. पित्ताशयाची दुर्बिणीची केस होती. आत सगळं चिकटलेलं निघालं आणि सर्जननी पोट उघडून ऑपरेशन पूर्ण केलं. वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबरच होतं. पण पोट उघडावं लागू शकतं, हे त्या बाईंना कोणी सांगितलंच नव्हतं. घरच्यांनी तक्रार केली. चौकशीत फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "साक्षीदार तुम्ही आहात ना? डॉक्टर काय म्हणाले होते?" सही केली त्या वेळी मी औषधांच्या ट्रेपाशी उभी होते. मला एक शब्द सांगता आला नाही. त्या बाईंची माझ्याकडे बघणारी नजर आजही आठवते.

संमती घेणं कोणाचं काम, यात शंकेला जागा नाही. ऑपरेशनपूर्वी लेखी संमती डॉक्टरनं घ्यायची, असं डॉक्टरांच्या 2002 सालच्या व्यवसायनीतीच्या नियमांतच आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा 2008 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तुझ्या वॉर्डात सगळ्यांनी वाचायला हवा. पेशंटनं फक्त दुर्बिणीतून तपासणीला होकार दिला होता. ती भुलेत असताना आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशयं काढली गेली. न्यायालयानं सांगितलं की तपासणीचा होकार म्हणजे या ऑपरेशनचा होकार नाही. काय करणार, कशासाठी, दुसरा मार्ग कोणता, धोका काय, हे आधी सांगितलेलं असलं तरच ती संमती. आता सांग, हर्नियात जाळी बसवली नाही तर काय होईल, हे तू सांगू शकशील का? सांगू शकलीस तरी ते सांगायचं काम तुझं नाही.

आणखी एक गोष्ट. आरएमओवर फार चिडू नकोस, बहुतेक त्याच्याही गळ्यात ते कुणीतरी मारलेलं असतं. ऑपरेशनच्या संमतीचे मालक सर्जन, किंवा त्यांच्या टीममधला ते ऑपरेशन जाणणारा डॉक्टर. भुलेच्या संमतीचे मालक भूलतज्ज्ञ. आजोबांचा प्रश्न सरळ भूलतज्ज्ञांकडे जायला हवा होता, आणि त्याच रात्री. "सकाळी विचारा" म्हणालीस, पण सकाळी कदाचित त्यांना गुंगीचं औषध दिलेलं असेल. गुंगीतल्या माणसाचा होकार धरत नाहीत. मग ते विचारणार कधी, ओटीच्या टेबलावर?

तेव्हा आजपासून ही सही बंद. कामाचा रस्ता मात्र तू दाखवायचास. रात्री आठला ओव्हर घेताना उद्याच्या लिस्टमधल्या प्रत्येक फाइलचा फॉर्म उघडून बघ. मग पेशंटपाशी जाऊन एवढंच विचार, "उद्या तुमचं काय करणार आहेत? कुठल्या बाजूचं?" तो "उजव्या जांघेत जाळी बसवणार" म्हणाला तर कुणीतरी बोललंय. "डॉक्टरांना माहीत" म्हणाला तर कुणीही बोललेलं नाही, फॉर्मवर सही असली तरी. सही झालेली पण ऑपरेशनचं नाव कोरं असलेला फॉर्म दिसला तर तोही न झालेल्यात धर.

मग दहाच्या औषधांआधी, साडेआठच्या सुमाराला, आरएमओला फोन लाव. "सर, बेड 9 आणि 14 ला अजून कुणी समजावलेलं नाही. बेड 9 ला भुलेबद्दल विचारायचंय. फॉर्म टेबलावर काढून ठेवलेत. सर्जन सर किंवा त्यांच्या टीममधलं कोणी कधी येईल? मी साक्षीला उभी राहीन." शेवटचं वाक्य गाळू नकोस. चष्मा देणं, कमी ऐकू येणाऱ्याला मोठ्यानं सांगणं, अहिराणी बोलणाऱ्या आजींना त्यांच्या बोलीत समजलं का ते पाहणं, डॉक्टरांसमोर साक्ष देणं, हे तुझं काम आहे आणि ते तू नीट कर. आरएमओ म्हणाला, "तूच घे ना, सर ओरडतील," तर शांतपणे विचार, "मग सरांना फोन तुम्ही करता की मी करू?"

कोणी आलं नाही तर नर्सिंग नोट्समध्ये वेळ घाल, कोणाला कळवलं ते लिही, काय उत्तर आलं तेही लिही. नाइट सुपरवायझरना सांग. सकाळी ओव्हर देताना आणि ओटीच्या चेकलिस्टवर "संमती झालेली नाही" असं स्पष्ट लिही. भूल देण्याआधी पेशंटची ओळख, जागा, ऑपरेशन आणि संमती पडताळायची, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया चेकलिस्टच्या पहिल्याच टप्प्यात आहे, तेव्हा ओटी सिस्टर केस तिथेच थांबवेल. पहिली केस अर्धा तास उशिरा लागली की दुसऱ्या दिवसापासून सर्जन संध्याकाळच्या राउंडलाच फॉर्म मागतील. मी हे होताना पाहिलंय.

जिवावरची इमर्जन्सी आली, पेशंट बेशुद्ध, नातेवाईक कोणी नाही, तर तिथे हे अडवू नकोस. तो निर्णय डॉक्टरांचा असतो आणि तो तेच फाइलमध्ये लिहितात. तू ओटीची तयारी कर.

"भाव खाते" म्हणतील, म्हणू देत. दुखावण्याची काळजी करायचीच असेल तर बेड 9 ची कर.

आज नाइट असेल तर आठला ते आजोबा अजून वॉर्डात आहेत का बघ. असले, तर त्यांच्या फॉर्मवर तू सही केली आहेस हे सुपरवायझरना आजच सांग, आणि भूलतज्ज्ञांना फोन लाव.