ओळ उलटी फिरवली की मुद्दा धारदार कधी होतो?

प्रश्न: मी चारोळीत शेवटी "तुझ्यात मी, अन् माझ्यात तू" असं लिहिलंय. मित्र म्हणतो हा कायॅझमस आहे पण नुसता शब्दखेळ वाटतो. मग हे फिरवणं छोट्या कवितेत उपयोगी पडतं तरी कधी?

मित्राचं दोन्ही बरोबर आहे. तू-मी-मी-तू असा क्रम उलटलाय म्हणजे कायॅझमस झालाच (ग्रीक लिपीतलं काय हे अक्षर आपल्या फुलीसारखं दिसतं, दोन तुकडे एकाखाली एक लिहून सारखे शब्द रेघेनं जोडले की तशीच फुली पडते, म्हणून हे नाव). पण पहिला अर्धा वाचला की दुसरा काय येणार ते आधीच कळतं आणि आला तरी त्यातून नवीन काही मिळत नाही, अडचण तिथे आहे.

शाळेत संस्कृत घेतलं असेल तर हे सुभाषित पाठ असेल:

शशिना च निशा निशया च शशी
शशिना निशया च विभाति नभः

चंद्रामुळे रात्र शोभते, रात्रीमुळे चंद्र, आणि दोघांमुळे आकाश. आता पहिला तुकडा बघा, चंद्रामुळे रात्र सुंदर दिसते हे कुणीही म्हणेल, त्यात कवीचं असं काही नाही. पण "निशया च शशी" म्हटलं की थांबावं लागतं, कारण एरवी आपण रात्रीला चंद्रामागची नुसती पार्श्वभूमी समजतो, आणि मग आठवतं की दिवसाउजेडी कधीकधी चंद्र वर असतो तेव्हा ढगाच्या तुकड्यासारखा फिकट दिसतो, कुणी मान वर करून बघतही नाही. म्हणजे खरा दावा दुसऱ्या अर्ध्यात आहे, पहिला अर्धा फक्त तुमच्याकडून मान डोलवून घेतो. धार येते ती इथून, पहिलं सगळ्यांना मान्य असलेलं आणि दुसरं त्याच शब्दांत पण विचार करायला लावणारं.

याच सुभाषितात पाणी-कमळ आणि रत्न-कंकण अशा जोड्या येतात (क्रम पाठांतरागणिक बदलतो) आणि एक जोडी अशी: "कविना च विभुर्विभुना च कविः", कवीमुळे राजा शोभतो आणि राजामुळे कवी. इथे आधी कोण आलंय बघा! राजामुळे कवीला मान मिळतो हे दरबारात सगळ्यांना ठाऊक होतं, ते सोपं वाक्य कवीनं मागे ठेवलं आणि धीट वाक्य पुढे घेतलं, आणि चंद्र-कमळाच्या रांगेत बसवल्यामुळे ते उद्धट वाटत नाही. मला हे फार आवडतं. म्हणजे कोणता अर्धा आधी ठेवायचा तो निर्णयही अर्थाचाच असतो.

आपल्या काव्यशास्त्रात याच्या जवळचा अन्योन्य अलंकार आहे, पण तो दोघांनी एकमेकांना शोभा आणली का, उपकार केला का, एवढं बघतो. शब्दांचा क्रम उलटलाच पाहिजे असं त्यात नाही, आणि कायॅझमसमध्ये क्रम हाच मुद्दा.

आता मराठीत करून बघू. गावच्या विहिरीवर लिहायचंय समजा, दरवर्षी गाळ काढणारी माणसं आणि दुष्काळात न आटलेली विहीर. साधं वाक्य:

आम्ही विहीर राखली, विहिरीनं आम्हाला राखलं.

अर्थ पूर्ण आहे, पण दोन्ही तुकडे एकाच चालीचे. आता क्रियापद मध्ये आणा:

आम्ही राखली विहीर,
विहिरीनं राखलं आम्हाला.

विहीर-विहिरीनं मध्यावर लागून आले, "आम्ही" सुरुवातीचा शेवटी गेला. मराठीत वाक्य क्रियापदावर संपायची सवय असते, त्यामुळे त्याच्या पुढे आलेल्या "आम्हाला"वर आपोआप जोर पडतो. आणि "राखणं" पहिल्यांदा गाळ काढणं, दुसऱ्यांदा जीव वाचवणं, एकच शब्द पण काम दोन. विभक्ती प्रत्यय असल्यामुळे शब्द हलवले तरी कुणी कुणाला राखलं यात गोंधळ होत नाही, ही सोय आपल्याला आहे तर वापरावी.

एक तपासणी मी नेहमी करते. दुसरी ओळ हातानं झाकायची आणि पहिल्यावरून ती कुणाला सांगता येते का विचारायचं. शब्द सांगता आले तर हरकत नाही, पण अर्थही आधीच कळला तर ती ओळ काढून टाकायची. आणि चार ओळींत असं फिरवणं एकदाच, दुसऱ्यांदा केलं की वाचणारा अर्थ सोडून साचा बघायला लागतो.

तुमच्या ओळीत "त" प्रत्यय दोन्हीकडे एकच काम करतोय, आत असणं. तुझ्यात मी नक्की कसा आहे, सवयीत, रागात, बोलण्याच्या ढबीत? आणि माझ्यात तू त्याच जागी आहेस की वेगळ्या? तिथे फरक सापडला तर दोन्ही "त"चं काम वेगळं होईल आणि ओळ तीच ठेवूनही चालेल. नाही सापडला तर "तुझ्यात मी" एवढ्यावरच चारोळी थांबवून बघा.