५० लेयर रचल्या, तरी लॉस हलत नाही

प्रश्न: माझं ५० लेयरचं सीएनएन शिकतच नाहीये. सगळे म्हणतात रेसिड्युअल कनेक्शन घाल. त्यानं नक्की होतं काय? आणि लेयर किती ठेवायच्या?

उत्तर:

"डेटा कमी आहे, ओव्हरफिट होतंय" असं कुणी सांगितलं असेल तर आधी ट्रेनिंग लॉस बघा. तोच खाली येत नसेल तर ते ओव्हरफिटिंग नव्हेच. एवढं ठासून सांगतोय, कारण या एका वाक्यापायी माझ्या प्रोजेक्टचं अख्खं सत्र वाया गेलं.

मी मालवणचा. पहाटे बंदरावर लिलावाच्या वेळी जाऊन ८ जातींच्या माशांचे फोटो काढले होते. ३६ कन्व्होल्यूशन लेयर एकीवर एक रचल्या, मध्ये रेलू. बॅचनॉर्म घातलं नव्हतं. लॉस २.०८ वर आला आणि तिथेच बसला. आता ८ चा नैसर्गिक लॉगरिदम २.०७९ येतो. म्हणजे मॉडेल आठही जातींना सारखीच शक्यता देत होतं. काकांनी स्क्रीनवर डोकावून विचारलं, "तुझ्या मशिनीक बांगडो नि सुरमय येकच दिसता काय रे?" निदान अचूक होतं. आमच्या गाईड सरांचं निदान मात्र ओव्हरफिटिंग, आणि उपाय ड्रॉपआउट. घातला. लॉस २.०८.

शेवटी एका रात्री `loss.backward()` च्या खाली एवढंच लिहिलं:

```python
for n, p in model.named_parameters():
    print(n, p.grad.norm().item())
```

शेवटच्या लेयरचा आकडा ठीकठाक, आणि जसजसं मागे जावं तसतसा तो आटत गेलेला. पहिल्या लेयरपाशी `1e-14` च्या आसपास. डोळे उघडणारी लेयरच काही शिकत नव्हती.

कारण साधं आहे. पायटॉर्च कन्व्होल्यूशनला आपणहून जी सुरुवातीची वजनं देतं, ती रेलूसोबत वापरली की ग्रेडियंट दर लेयरला सुमारे ०.४ पट होतो. साखळी नियमाने हे सगळे गुणले जातात, आणि ०.४ चा ३६ वा घात काढून बघा: दशांश चिन्हानंतर १४ शून्यं. (सिग्मॉइडची तर बातच नको, त्याचा उतार जास्तीत जास्त ०.२५.)

दोन-दोन लेयरचा एक ब्लॉक धरा, म्हणजे ३६ लेयरचे अठरा ब्लॉक. ब्लॉकमध्ये येतो तो x, आणि आतल्या लेयर त्याचं जे करतात ते F(x). रेसिड्युअल ब्लॉकमध्ये आउटपुट F(x) नसतं, x + F(x) असतं. त्यामुळे ब्लॉकचा उतार 1 + F′ होतो. असे अठरा कंस गुणून सोडवले तर एक पद निव्वळ १ उरतं. F′ कितीही बारीक असला तरी त्या वाटेने ग्रेडियंट पहिल्या लेयरपर्यंत न आटता पोचतो.

इथे मी स्वतःच माती खाल्ली. बेरजेने आकडे ब्लॉकगणिक फुगतील म्हणून (x + F(x)) / 2 असं लिहिलं. दिसायला शहाणपणाचं. पण आता सरळ वाटेवरच दर ब्लॉकला निम्मं होत होतं, आणि १८ ब्लॉकनंतर उरला २,६२,१४४ वा भाग. आजार तोच, फक्त हळू. x ला हात लावायचा नाही. आकडे फुगण्याची भीती असेल तर F च्या वाटेवर बॅचनॉर्म घाला आणि ब्लॉकमधल्या शेवटच्या बॅचनॉर्मचा गॅमा सुरुवातीला शून्य ठेवा. मग पहिल्या दिवशी x + F(x) ची किंमत x च असते, आणि F हळूहळू जागा होतो. एवढं केलं आणि लॉस पहिल्याच एपॉकला २.०८ खाली उतरला.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. नुसतं बॅचनॉर्म आणि नीट वजनं दिली तरी ग्रेडियंट बराचसा सावरतो. २०१५ मध्ये कायमिंग हे यांनी सहकाऱ्यांसोबत रेझनेट हे रेसिड्युअल कनेक्शनवालं नेटवर्क मांडलं, तेव्हा त्यांच्या साध्या नेटवर्कांतही बॅचनॉर्म होतंच. तरी सिफार-१० वर ५६ लेयरच्या साध्या नेटवर्कचा ट्रेनिंग एरर २० लेयरच्यापेक्षा जास्त आला. म्हणजे ग्रेडियंट जिवंत असूनही खोल नेटवर्कला "काही करू नकोस, x तसाच पुढे दे" एवढं शिकणंही जड जातं. x + F(x) मध्ये ते फुकट मिळतं, F शून्य केला की झालं. तेव्हा रेसिड्युअलचं सगळं श्रेय ग्रेडियंटला देऊ नका.

लेयर किती? त्याच पेपरात १२०२ लेयरचं रेझनेटही व्यवस्थित ट्रेन झालं, पण टेस्टवर ११० लेयरच्यापेक्षा वाईट ठरलं. लेखकांनी त्याचं कारण ओव्हरफिटिंग असावं असं म्हटलंय. मी शेवटी १८ लेयरवर आलो. माझं ३६ लेयरचं एकदा शिकायला लागल्यावर खरंच ओव्हरफिट झालं, तेव्हा फोटो कमी होते हे सरांचं म्हणणं खरं. पण ते दुसऱ्या आजाराचं औषध होतं, आणि व्हायव्हात ट्रेनिंग लॉसचा आलेख समोर धरूनही त्यांनी तो पाहिला नाही, हे मी अजून विसरलेलो नाही.